काचेने सपाट केलेली पावडर

नोकरीला लागले तेव्हा माझ्या नाकावर राग असायचा, आणि तो कुठे ठेवावा याची अक्कल नव्हती. मुलुंडमध्ये औषधाच्या पावडरी आणि गोळ्या बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथे मी केमिस्ट होते. बाबांची गिरणी बंद पडली होती, भाऊ शिकत होता, आणि भांडुपच्या आमच्या घरात महिन्याचा म्हणावा असा पगार माझाच यायचा. तोही प्रोबेशनचा. कायम करायचं की नाही हे क्वालिटीचे साहेब सांगतील तसं ठरणार होतं, आणि साहेब कुणाबद्दलही पटकन चांगलं बोलणाऱ्यांतले नव्हते. ते मला तू म्हणत आणि मी त्यांना सर. दोघांनाही एकमेकांची थोडी भीती होती असं आता वाटतं.

आमची एक पावडर फार छळायची. गरम द्रावण भराभर थंड केलं की ती पिठासारखी बारीक पडायची आणि फिल्टरचं कापड चिकटवून टाकायची. फिल्टरवरचा कामगार दिवसभर त्या चिखलाशी झटत बसायचा. मी म्हटलं, द्रावण सावकाश थंड करून बघू, ढवळणंही हळू ठेवू. साहेबांनी एका लॉटपुरती परवानगी दिली. सकाळी टाकी उघडली तर आत अभ्रकासारखे चपटे, चमकणारे कण. फिल्टरमधून पाणी सरसर निघून गेलं. फिल्टरवाला मला म्हणाला, "बाई, असंच करत जा रोज. झकास." त्या दिवशी घरी जाताना मी कोपऱ्यावरून भजी घेऊन गेले, इतकी खूश होते.

साहेब खूश नव्हते. त्यांनी पावडर उन्हाकडे धरली आणि विचारलं, "ही का चमकते?"

त्यांच्या प्रश्नाला कारण होतं. एकाच औषधाचे रेणू दोन वेगळ्या पद्धतींनी रचले जाऊ शकतात. रसायन तेच, पण रचना वेगळी, म्हणजे स्फटिकाचं रूप वेगळं. आमच्या औषधाचं एक रूप पोटात नीट विरघळायचं आणि दुसरं जेमतेम. मंजुरी पहिल्याला होती. दोन्ही जवळपास एकाच तापमानाला वितळायची, त्यामुळे वितळवून फरक कळत नसे. क्ष-किरणांना कळायचा. म्हणून साहेबांनी नमुना पवईच्या एका संस्थेतल्या प्रयोगशाळेत पाठवला.

तिथून कागदाची लांब पट्टी आली. त्यावर पेनाने काढलेली शिखरं, सपाट मैदानातून मध्येच उभ्या राहणाऱ्या सुळक्यांसारखी. प्रत्येक रूपाची शिखरं ठरलेल्या कोनांवर येतात आणि त्यांच्या उंचीचं एकमेकांशी प्रमाणही ठरलेलं असतं. साहेबांनी मंजूर रूपाचा तक्ता शेजारी ठेवला. आमच्या पट्टीवर सुरुवातीचं एक शिखर कागदाबाहेर जाईल इतकं उंच होतं. तक्त्यात ते मध्यम होतं. आणि तक्त्यात जे सगळ्यांत उंच, ते आमच्याकडे दिसतच नव्हतं.

"मुख्य रेषाच नाही," साहेब म्हणाले. "हे दुसरं रूप आहे. लॉट रद्द."

"सर, बाकीच्या रेषा जागेवर आहेत."

"नवरदेव नाही आणि वऱ्हाडी जागेवर आहेत, म्हणून लग्न लावतेस का तू?"

सगळे हसले, मीही हसले असते, पण लॉट माझा होता. लॉट रद्द म्हणजे मीही रद्द, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. मी म्हटलं, मला एकदा पवईला जाऊन बघू द्या. साहेबांनी खांदे उडवले. "जा. पण दुसरं रूप पहिलं होत नाही, कितीही भांडलीस तरी."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडम तिथे शिकवत असत. कमी बोलणाऱ्या, हातात कायम मोजपट्टी. यंत्र चालवणारे काका मात्र बोलके होते. निवृत्तीला आलेले मालवणी गृहस्थ, राहायला आमच्याच भांडुपात. मी आडनाव सांगितलं तेव्हा आधी त्यांनी गाव विचारलं आणि मग नमुन्याची बाटली घेतली.

मी म्हटलं, काका, तुम्ही नमुना कसा लावता ते माझ्यासमोर करा. त्यांना आनंदच झाला. ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्टीत मध्ये एक चौकोनी खाच होती. तीत त्यांनी माझी पावडर भरली, वरून काचेची स्लाइड ठेवली, दाबली, किंचित फिरवली, पुन्हा दाबली. कडा ब्लेडने साफ केल्या. पावडरीचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत झाला की त्यात खिडकी दिसत होती.

"बघ गो," ते म्हणाले, "असो सरफेस मुंबईत खंय मिळाचो नाय."

खरंच मिळाला नसता. त्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या सफाईवरून माणसाची परीक्षा व्हायची. विद्यार्थ्याने खडबडीत नमुना आणला तर काका तो मोडून पुन्हा स्वतः भरायचे. पृष्ठभाग खालीवर असला तर शिखरं जागेवरून सरकतात, पसरतात, त्यामुळे त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. मीही त्यांचं कौतुक केलं.

यंत्र सुरू झालं, पेन सरकू लागलं आणि पुन्हा तेच. उंच शिखर छताला, मुख्य शिखर गायब.

मॅडम मोजपट्टीने शिखरांमधली अंतरं मोजत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, हीच पावडर काढा आणि पुन्हा भरा. या वेळी थोडी कमी दाबा."

काकांना कमी दाबणं म्हणजे अर्धवट जेवून उठण्यासारखं होतं, पण त्यांनी केलं. दुसऱ्या वेळी तेच उंच शिखर बरंच खाली आलं होतं. पावडर तीच, यंत्र तेच, माणूस तोच. मॅडमनी दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या. शिखरांच्या जागा केसभरही हलल्या नव्हत्या. फक्त उंची बदलली होती.

"रूप बदललं असतं तर जागा बदलल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बघ, जास्त उंच झालेली शिखरं कोणती? हे पहिलं, हे, आणि हे. तिन्ही एकाच थराची आहेत. स्फटिकातल्या रेणूंच्या एकाच समांतर थरांवरून आलेलं पहिलं, दुसरं, तिसरं परावर्तन. एवढीच वाढली आणि बाकीची सगळी खचली. तुझे कण चपटे आहेत ना?"

मी हो म्हटलं आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. हे यंत्र नमुन्याच्या पृष्ठभागाला समांतर असलेल्या थरांचीच दखल घेतं. कण हवे तसे वेडेवाकडे पडलेले असले तर प्रत्येक थर कुठल्या ना कुठल्या कणात समांतर सापडतो आणि सगळी शिखरं आपापल्या उंचीने येतात. पण ताटात पोहे घेऊन वर वाटी दाबली तर सगळे पोहे आडवे होतात. रव्याचं तसं होत नाही. आमची जुनी बारीक पावडर गोलसर रव्यासारखी होती आणि माझी पोह्यांसारखी. काकांच्या काचेखाली माझा प्रत्येक कण पाठीवर झोपला होता. मग यंत्राला कणांची पाठच दिसणार, कड दिसणार कशी? गायब झालेलं शिखर कणांच्या कडेकडच्या थरांचं होतं.

"म्हणजे माझ्या सफाईचोच दोष?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

"सफाईचा नाही हो. पोह्यांचा," मी म्हटलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

पण दोष कळला म्हणून साहेब मानणार नव्हते. ते गायब झालेलं शिखर दिसायला हवं होतं. काका म्हणाले, नमुना ठेवायची जागा फिरती करता येते, फिरवूया. मॅडम म्हणाल्या, नमुना जागच्या जागी कितीही फिरवा, आडवे कण आडवेच राहतील. मी म्हटलं, खलात बारीक करते. अकीक दगडाच्या छोट्या खलात थोडी घोटली, भरली, आणि ते शिखर थोडंसं वर आलंही. मी टाळी वाजवणार तोच मॅडमनी मोजपट्टी बाजूला ठेवली.

"हे तुझ्या साहेबांना दाखवू नकोस. घोटल्याने काही औषधांचं रूप बदलतं. ते म्हणतील, दुसरं रूप होतं, तू घोटून पहिलं केलंस. आणि मला नाही म्हणता येणार नाही."

मग आम्ही काचेची पूड केली. तुटक्या स्लाइड कुटून, चाळून. काचेला स्फटिकासारखी रचना नसते, त्यामुळे तिला स्वतःची शिखरं नसतात, फक्त एक पसरट उंचवटा येतो. ती पूड माझ्या पावडरीत हलक्या हाताने मिसळली की कणांच्या मधे मधे अडथळे होतात आणि त्यांना एकसारखं झोपता येत नाही. या वेळी ते शिखर आलं. औषधाचा वाटा कमी झाल्यामुळे ठेंगणं, पण आपल्या जागेवर. मी तिथूनच साहेबांना फोन केला.

"काच मिसळली?" साहेब म्हणाले. "मग ती रेघ काचेची नाही कशावरून?"

मी काचेबद्दल सांगू लागले. माझा आवाज चढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी उद्या येतो. बाटली मी सील करून आणणार. घोटायचं नाही, काही मिसळायचं नाही. तेव्हा दिसलं तर दिसलं."

मी फोन ठेवला आणि मॅडमना म्हटलं, वाट लागली. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. मीही असंच मागितलं असतं." मला त्या दोघांचाही राग आला.

राहिला होता एकच मार्ग, बाजूने भरण्याचा. पट्टीच्या खाचेची एक कड कापून उघडी करायची. खाचेच्या तोंडावर काच चिमट्याने बसवायची, पट्टी उभी धरायची आणि त्या उघड्या कडेतून पावडर आत सोडायची. वरून दाबायचं नाही, नुसतं हलकेच ठोकायचं. मग आडवी करून काच उचलायची. कण बाजूने ओघळत येतात आणि वाटेल तसे अडकतात. कुणी त्यांना समोरून दाबलेलं नसतं. काच गुळगुळीत असली तर तिला लागून काही कण चिकटून आडवे होतातच, म्हणून मॅडमनी काच घासायला सांगितली. काका संध्याकाळपर्यंत पॉलिश पावडरीने एक स्लाइड घासून धुरकट करत बसले. आयुष्यभर काच पुसत आलेला माणूस. मध्येच म्हणाले, "माझ्या हातान माझोच सरफेस इघडवतंय." पण घासलं मात्र मनापासून.

दुसऱ्या दिवशी साहेब कंपनीच्या व्हॅनने आले. लाखेचं सील त्यांनी स्वतः फोडलं. काकांनी पट्टी उभी धरली, पावडर सोडली, बोटाच्या टोकाने पट्टीच्या कडेवर टिचक्या मारल्या. काच उचलली तेव्हा पृष्ठभाग सपाट होता पण मंद, चमक नव्हती. काकांनी तो साहेबांना दाखवला नाही. त्यांना लाजच वाटली असावी.

यंत्र सावकाश फिरतं. पहिलं शिखर आलं, आणि ते आज कागदात मावलं. साहेबांनी तक्ता गुडघ्यावर ठेवला होता. पुढची शिखरं एक एक करून आली. मग पेन सपाट रेघ ओढत त्या कोनाकडे निघालं जिथे दाबलेल्या नमुन्यात काहीच नव्हतं. मला घरातला मिळकतीचा एकच हात दिसत होता, घरी बसलेल्या बाबांचं पेपर उलटसुलट वाचणं दिसत होतं. पेन थोडं थरथरलं, मग चढू लागलं, चढत राहिलं, आणि त्या पट्टीवरचं सगळ्यांत उंच शिखर काढून खाली उतरलं. मी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला.

साहेबांनी कागदाची पट्टी हातात घेतली. "पहिलं शिखर अजूनही तक्त्यापेक्षा थोडं जास्त आहे."

"पूर्ण जात नाही," मॅडम म्हणाल्या. "कमी होतं. प्रमाण तक्त्याच्या जवळ आलंय, जागा सगळ्या जुळतात, नवीन एकही नाही. हे तुमचंच मंजूर रूप आहे."

"मग आधीच्या पट्टीत दिसलं ते काय होतं?"

मी म्हटलं, "सर, तुम्हीच करून बघा." काकांनी ॲल्युमिनियमची दुसरी पट्टी आणि स्वच्छ स्लाइड त्यांच्या हातात दिली. साहेबांनी त्याच बाटलीतली पावडर भरली आणि काच अंगठ्याने दाबली. काका न राहवून म्हणाले, "जरा फिरवा, साहेब. आणखी दाबा." साहेबांनी फिरवली. पावडर चमकू लागली. ती यंत्रात गेली आणि पहिलं शिखर कागदाबाहेर, मुख्य शिखर गायब. स्वतःच्या हाताने केलेलं होतं. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

"लॉट पास," ते म्हणाले. "रूपात खोट नाही. मी चुकलो."

साहेब चुकलो म्हणाले, हे कारखान्यात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मला इतका आनंद झाला की मी काकांच्या पाया पडले आणि मॅडमच्याही पडणार होते, पण त्या मागे सरकल्या.

परत जाताना साहेबांनी मला व्हॅनमध्ये पुढे, आपल्या शेजारी बसायला सांगितलं. पवईचा तलाव मागे पडला. मी मनातल्या मनात बाबांना काय सांगायचं ते जुळवत होते. कांजूरच्या आसपास साहेब म्हणाले, "गोळी कशी बनते गं?"

हा काय प्रश्न, असं मला वाटलं. "डायच्या साच्यात पावडर पडते, वरून पंचाचा दट्ट्या येतो आणि दाबतो."

"सपाट पंच?"

"आपल्या या गोळीला सपाटच."

"माझ्या अंगठ्याने कण आडवे झाले," साहेब म्हणाले. "मशीनच्या दाबाने काय होईल?"

उत्तर मलाच माहीत होतं, त्यांच्यापेक्षा जास्त. एकावर एक आडवे पडलेले थर. बाजूने एकमेकांत अडकलेलं काही नाही. दोन दिवस मी सगळ्यांना पोहे आणि रवा समजावत होते, शेवटी साहेबांना समजलं, आणि कारखान्यात आजवर ज्याचा विचार कुणी केला नव्हता तो त्यांनी करून टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दुखावले होते, पण रागवायला माणूस सापडत नव्हता.

माझ्या लॉटमधली थोडी पावडर त्यांनी त्याच आठवड्यात गोळ्यांच्या मशीनवर घेतली आणि मला बोलावलं. गोळ्या पांढऱ्या, देखण्या निघाल्या. साहेबांनी एक माझ्या तळहातावर ठेवली. मी नखाने कडेला जरा दाबलं, आणि गोळीची वरची टोपी डब्याच्या झाकणासारखी अलगद सुटून आली. दुसरीचंही तेच. तिसरी मी दाबली नाही.

लॉट दळून, रूप बदललं नाही हे पवईला तपासून, वापरला गेला. औषध उत्तमच होतं. पण दळायचंच असेल तर सावकाश थंड करून वेळ कशाला घालवायचा, असं ठरलं आणि माझी पद्धत बंद झाली. त्याच दुपारी साहेबांनी मला कायम केल्याचं पत्र दिलं. देताना म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर मला हे कळलं नसतं. गोळ्या बाजारात गेल्यावर कळलं असतं."

घरी बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. आई साखर आणायला आत गेली. पुढच्या सोमवारी द्रावण पुन्हा भराभर थंड केलं, पुन्हा तोच चिखल. फिल्टरवाला कापड खरवडता खरवडता म्हणाला, "बाई, ती चमकणारी परत कधी?"

"नाही येणार ती," मी म्हटलं. तो खाली वाकून खरवडत राहिला, आणि कायम झालेली मी तिथे त्याच्याकडे बघत उभी होते.